‘किरकोळ मदत’ चालणार नाही

पंप बनवणाऱ्या कारखान्यात ती भरतीचं काम पाहायची. विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांची पगारी इंटर्नशिप तिनेच आखली आणि त्यात एक अट घातली. ज्या विभागाला विद्यार्थी हवा, त्याने आपलं अडलेलं एक खरं काम लिहून द्यायचं आणि शिकवायला आठवड्याचे चार तास राखून ठेवायचे.

उत्पादनप्रमुखांनी अर्जावर दोनच शब्द लिहिले, ‘किरकोळ मदत’. तिने अर्ज परत पाठवला.

ते तणतणत तिच्या टेबलाशी आले. "शिकवायचं आम्ही, आणि शिकून ही पोरं जाणार दुसरीकडे."

"झेरॉक्स काढायला बसवलीत तर नक्की जातील," ती म्हणाली.

"तुम्ही कधी पंप खोलून पाहिलाय?"

"नाही. म्हणून तर काम तुम्हाला लिहायला सांगितलं."

ते तडक मालकांकडे गेले. मालकांनी अट कायम ठेवली, पण तिला बजावलं, "एकही जण टिकला नाही, तर पुढच्या वर्षी हे बंद."

चाचणी विभागाने मात्र काम नेमकं लिहून दिलं होतं: गळतीच्या तपासणीत चांगले पंपही नापास का होतात, ते शोधा. तिथे गेलेल्या विद्यार्थिनीने चौथ्या महिन्यात दाखवून दिलं की दोष पंपात नाही, तपासणीच्या जोडणीतल्या झिजलेल्या रबरी कड्यात आहे. शेवटची परीक्षा होण्याआधीच तिला कायम नोकरीचं पत्र मिळालं आणि तिने ते स्वीकारलं.

पुढच्या तुकडीच्या वेळी भरतीच्या टेबलावर उत्पादनप्रमुखांचा अर्ज आला. काम व्यवस्थित लिहिलेलं होतं, तासही भरलेले होते. जिन्यात समोरासमोर आल्यावर मात्र त्यांनी मान फिरवली. तिनेही हाक मारली नाही.