लंबगोल चेहऱ्याची फ्रेम

ताईचा जुना चष्मा आमच्याच सोफ्यावर माझ्या वजनाखाली मोडला. डॉक्टरांनी तिला गर्दीत जायला मनाई केली होती, केमो चालू होती, त्यामुळे नवीन चष्म्यासाठी दुकानात जाण्याचा प्रश्नच नव्हता. विश्रांतवाडीतला आमचा चष्मेवाला म्हणाला, फ्रेमचे फोटो पाठवतो, घरबसल्या निवडा. फक्त मॅडमचा एक फोटो हवा. समोरून काढलेला, केस मागे घेऊन.

"केस मागेच गेलेत, सांग त्याला," ताई म्हणाली. डोक्याचा रुमाल तिने नीट केला.

मी फोन उचलून फोटो काढायला लागलो, तर तिने हात आडवा धरला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला जुना फोटो पाठव म्हणाली. त्यात तिचे गाल भरलेले होते, भुवया होत्या, हनुवटी रेखीव होती. मी चिडलो. चष्मा काय फोटोतल्या बाईला लावायचाय का, असं मी विचारलं.

"मला तो जूनमध्ये घालायचा आहे," ती म्हणाली. "पहिल्या तासाला. तेव्हाचा चेहरा पाठव."

लोणी काळभोरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. जूनमध्ये परत रुजू व्हायचं आणि वर्गात कुणी 'अरेरे' म्हणायचं नाही, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं. मी तो फोटो पाठवला.

चष्मेवाल्याचं उत्तर लगेच आलं. 'लंबगोल चेहरा. सगळं चालतं.' पाठोपाठ काचेच्या काउंटरवर मांडलेल्या फ्रेमचे फोटो. आम्ही दोघं ते मोठे करून करून बघत बसलो. सगळं चालतं म्हणजे वाट्टेल ते चालतं असं नाही, हे त्याने फोनवर समजावलं होतं: फ्रेमची रुंदी चेहऱ्याच्या सर्वांत रुंद भागाएवढी असावी, वरची कड भुवयांच्या रेषेत यावी, आणि काचा फार मोठ्या नकोत, नाहीतर चेहऱ्याचा तोल जातो. ताईने हे नियम विद्यार्थिनीसारखे पाठ केले आणि मास्तरीणबाईसारखे लावले. बारीक तारेची गोल फ्रेम बाद. त्यात ती म्हणे निवृत्त दिसली असती. बशीएवढ्या काचांची बाद. कोपरे वर गेलेली तिने खूप वेळ बघितली. "ही घालून फळ्याकडे वळले तर पोरं शिट्टी मारतील," म्हणाली, आणि कित्येक आठवड्यांनी हसली. शेवटी तपकिरी चौकटीची, खालून गोलसर असलेली ठरली. मलाही ती मनापासून आवडली.

चष्मा आला आणि नाकावरून घसरून ओठांपर्यंत आला. मी तो घेऊन दुकानात गेलो. चष्मेवाल्याने काड्या कानामागे जास्त वळवून दिल्या, मग फोटो कधीचा आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि अरुंद फ्रेम बदलून देतो म्हणाला, त्यातच नवीन काचा बसवून. घरी येऊन मी ते ताईला सांगितलं. तिने चष्मा डबीत ठेवला. "चेहरा भरेल," म्हणाली. तोवर मोडलेल्या चष्म्याला चिकटपट्टी लावून तिने पेपर वाचला.

एप्रिलमध्ये तिला रोज सकाळी डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या. आजार मेंदूपर्यंत गेला होता. मेंदूची सूज उतरायला स्टिरॉइड सुरू झालं, आणि त्यानेच मेच्या अखेरीस तिचा चेहरा खरोखर भरला. एका दुपारी तिने डबी मागितली. चष्मा घातला. तो घसरला नाही.

"बसला, ताई," मी म्हणालो. मूर्खासारखा आनंद झाला होता मला.

तिने आरसा मागितला आणि बराच वेळ धरला. गाल कानांपर्यंत आले होते, हनुवटी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. भुवयांच्या रेषेत फ्रेमची कड बरोबर आली होती, भुवया नव्हत्या.

"हा गोल आहे," ती शांतपणे म्हणाली. "ही फ्रेम लंबगोल चेहऱ्याची." मग मला म्हणाली, "आता काढ फोटो. रुमाल काढते. पाठव त्याला आणि विचार, ह्या चेहऱ्याला काय चालतं?"

मी टाळत होतो. तिने समोर बसून पाठवायला लावला. निळ्या खुणा लगेच उमटल्या. एरवी धडाधड फोटो पाठवणाऱ्या त्या माणसाने काहीच लिहिलं नाही.

जून उजाडला. कॉलेज सुरू झालं. तिला आता उशीवरून उठता येत नव्हतं, तरी चष्मा डोळ्यांवर असायचा, आणि मी खोलीत आलो की ती विचारायची, काय म्हणाला तो?

"नवीन माल यायचाय म्हणाला," मी रोज सांगायचो.

"पुण्याचा दुकानदार," ती म्हणायची. "घाई नाही त्याला."