काकूंच्या हातातलं क्रेडिटचं बटण

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगण्यासारखी असती तर चारदा चवीने सांगितली असती, माझा स्वभावच तसा आहे.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी अमेरिकेत पिस्कॅटवेला राहायचो आणि रोज ट्रेनने जर्सी सिटीला ऑफिसात जायचो. आमची कंपनी दुकानांतल्या कार्ड मशीनचं सॉफ्टवेअर लिहायची. कार्ड घासलं की छोट्या पडद्यावर ‘क्रेडिट की डेबिट’ असं विचारतं ना, त्या प्रश्नाच्या मागचा कोड माझ्याकडे होता. आता एवढ्याशा प्रश्नाचा काय तोरा मिरवायचा? पण मी मिरवायचो. पार्टीत कुणी नुसतं कार्ड काढलं तरी माझं लेक्चर सुरू व्हायचं.

लेक्चर असं असायचं. बँकेच्या डेबिट कार्डाला दोन रस्ते असतात. डेबिट दाबलंत तर पिन मागतात, निरोप एटीएमच्या नेटवर्कवरून बँकेत जातो आणि पैसे तिथल्या तिथे खात्यातून वळते होतात. क्रेडिट दाबलंत तर पिन नाही, कागदावर सही. निरोप कार्डावर ज्या कंपनीचं चिन्ह आहे तिच्या नेटवर्कवरून जातो, बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते आणि संध्याकाळी दुकानदाराने दिवसाचा हिशेब पाठवला की एक-दोन दिवसांत पैसे सरकतात. क्रेडिट दाबलं म्हणून उधारी होत नाही, पैसे त्याच खात्यातून जातात. फरक पडतो तो दुकानदाराला, कारण दोन्ही रस्त्यांचा टोल वेगळा. सहीच्या रस्त्यावर बिलाचे टक्के कापतात, पिनच्या रस्त्यावर जवळजवळ ठरलेली रक्कम. म्हणून दुकानदाराने पिनच मागावा. इथे मी टाळीसाठी थांबायचो.

आमच्या भागात एका मराठी जोडप्याचं किराणा दुकान होतं. काका माल आणायचे, गोडाऊन बघायचे. काउंटरवर काकू. मागे छोटं किचन होतं, तिथे एक बाई पोळ्या लाटायची आणि त्या पाकिटांतून विकल्या जायच्या. पण दुकान चालायचं ते काकूंमुळे. युनिव्हर्सिटीतली मुलं दोन डॉलरची कोथिंबीर-मिरची घ्यायला यायची आणि काकू त्यांना पीएचडीची क्वालिफायर परीक्षा कधी आहे, आईचा गुडघा कसा आहे, सगळं विचारायच्या. हात चालू, तोंड चालू. त्या स्टुलावर बसलेल्या काकू म्हणजे राणी होत्या, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

त्या शनिवारी रांग दारापर्यंत होती. माझ्यापुढच्या मुलाने मॅगीची दोन पाकिटं ठेवली आणि कार्ड दिलं. बँकेचं डेबिट कार्ड, मला लांबून ओळखू आलं. काकूंनी ते घासलं आणि काही न विचारता क्रेडिटचं बटण दाबलं. पिनचं छोटं यंत्र शेजारीच वायरला लटकत होतं, त्याला हातसुद्धा नाही लावला.

मला राहवेना. खाज, दुसरं काय!

“काकू, अहो डेबिट कार्ड आहे ते! क्रेडिट काय दाबताय?”

“असू दे रे. लहान बिल आहे,” काकू म्हणाल्या.

“लहान-मोठं काय त्यात? प्रत्येक सहीला टक्के कापतात तुमचे. पिन घ्यायचा, सरळ. तुम्ही अशी दिवसभर बटणं दाबत बसलात तर काकांचं दिवाळं काढाल.”

रांगेतले दोघं-तिघं हसले. हसू ऐकलं की मला चेव चढतो. आत तांदळाची पोती लावत असलेले काका बाहेर आले, तर मी त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून समजावलं. काकू मध्येच म्हणाल्या, “अरे पण मी बघितलंय, दर महिन्याला येतं त्या कागदावर...”

“काकू, हे माझं रोजचं काम आहे. कोड मी लिहितो,” मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

काकांचा चेहरा पडला. पैशाचं नुकसान आणि तेही चारचौघांसमोर कळलेलं! “तू ऊठ बघू. आत पोळ्यांचं बघ जरा,” ते काकूंना म्हणाले. काकूंनी मॅगी पिशवीत घातली, त्या मुलाच्या हातात दिली, आणि मग उठल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. काका स्टुलावर बसले आणि मला बाकरवडीचं पाकीट फुकट दिलं. मी ते घेतलं. घरी जाऊन खाल्लंसुद्धा, चांगली होती.

नंतर जेव्हा जाईन तेव्हा काउंटरवर काका. सगळ्यांना एकच प्रश्न, “डेबिट ना? पिन टाका.” किचनमधली बाई त्यांनी कमी केली होती. घरचं माणूस मोकळं झालं होतं ना! काकू आत दिसायच्या, हाताला पीठ, पाठ दाराकडे. रांगेत आता कुणी कुणाला आईचा गुडघा विचारत नव्हतं. मला तेव्हा वाटलं, रांग लवकर सरकतेय, बरं झालं.

दीड-दोन महिन्यांनी काकांनी मला बाजूला घेतलं. “जरा आत ये रे. कार्डवाल्यांचं स्टेटमेंट बघ. धंदा तेवढाच आहे, पण कापलेले पैसे वाढलेत. आणि पोरं कुरकुर करतात, त्यांची बँक म्हणे पिन टाकला की त्यांच्याकडूनही काहीतरी घेते.”

काकू त्या दिवशी देवळात गेल्या होत्या. गोडाऊनमध्ये पोत्यावर बसून मी कागद पाहिले. खरं सांगतो, दुकानदाराला येणारं स्टेटमेंट मी तोवर कधी हातात धरलेलं नव्हतं. आमची गिऱ्हाइकं म्हणजे मोठी सुपरमार्केटं, तिथे माणूस ट्रॉली भरून शंभर डॉलरचं सामान नेतो. त्याला पिनचा ठरलेला आकार स्वस्तच पडतो. इथे काकांकडून प्रत्येक पिनमागे सगळं मिळून पन्नासेक सेंट जात होते. बिल शंभरचं असो की दोनचं, पन्नास सेंट. दोन डॉलरच्या कोथिंबिरीवर पन्नास सेंट! सहीच्या रस्त्याने त्याच बिलाला थोडे ठरलेले सेंट आणि वर टक्के, पण दोन डॉलरचे टक्के ते किती होणार? निम्म्यातच काम होत होतं. आणि काकांची निम्मीअधिक बिलं अशीच, पोरांची.

पण खरी गंमत पुढेच होती.

तुलनेसाठी मी जुनी स्टेटमेंटं मागितली. काकांनी फाइल दिली आणि बाहेर घंटी वाजली म्हणून ते काउंटरवर गेले. जुन्या कागदांच्या समासात पेन्सिलीने बारीक आकडे होते. बँकेत लिहितात तसे, एकाखाली एक, सुबक. पिनचा खर्च एका बाजूला, सहीचा दुसऱ्या. पाच डॉलर, दहा, पंधरा, वीस, तीस, असं करत प्रत्येक ओळीला हिशेब. आणि खाली लिहिलं होतं, ‘वीसच्या आत क्रेडिट. वर असेल तर पिन विचारणे.’ खाली आणखी एक ओळ, ‘विद्यार्थ्यांना शक्यतो सही. त्यांना बँक पैसे लावते.’

काकू लग्नाआधी सांगलीला बँकेत होत्या हे मला माहीत होतं. काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. मी ते ‘बरं’ म्हणून सोडून दिलं होतं.

काका परत आले. “काय, सापडलं काही?”

तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की काकूंचं बरोबर होतं. मराठीत तीन शब्दांचं वाक्य. ते सोडून मी काय केलं? पेन्सिलीची बाजू आत जाईल अशी त्या कागदांची घडी घातली, फाइलमध्ये ठेवली आणि म्हणालो, “काका, असं करा. वीस डॉलरच्या आत क्रेडिट, वर डेबिट. तुमच्या दुकानाचं बिल लहान आहे ना, म्हणून.”

“वा रे पठ्ठ्या!” काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तरीही मी हसलो. स्वतःची लाज वाटत असताना माणसाला हसता येतं, मी करून बघितलंय.

पुढचे दोन शनिवार मी दुसऱ्या गावच्या दुकानात गेलो. तिसऱ्या शनिवारी म्हटलं, जाऊ या, आता सगळं निवळलं असेल. रांग होतीच. काकांनी मला पाहिलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हे बघा आमचे एक्स्पर्ट! यांनी युक्ती सांगितली, लहान बिलाला सही, मोठ्याला पिन. या महिन्यात फरक पडणार बघा.”

नेमक्या त्याच वेळी काकू गरम पोळ्यांच्या पाकिटांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. कपाळाला पीठ लागलं होतं. त्या ऐकत उभ्या राहिल्या.

“मला गोडाऊन सोडून इथे बसणं झेपत नाही रे,” काका पुढे म्हणाले. “हिला परत बसवावं म्हणतो. पण हे वीसच्या आत, वीसच्या वर... जमेल का रे हिला? तूच सांग.”

इतकी उघडी संधी देवसुद्धा पुन्हा देत नाही. रांग तीच, काउंटर तोच, माणसं जवळपास तीच. जिथे बोललो होतो तिथेच शब्द परत घ्यायचे होते. माझ्या मागे ऑफिसातला एकजण उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हणालो, “जमेल की. हळूहळू जमेल.”

काकूंनी ट्रे खाली ठेवला. पाकिटं एकेक करून काउंटरवर लावली.

“नको,” त्या काकांना म्हणाल्या. “मी आत बरी आहे. दुसरं कुणी बघा.”

मग एक पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, “अक्षर लागलं ना रे माझं?”

मी हो म्हणालो.