दोन ओळींच्या मधली टिक

समजा, तुमच्यासमोर मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे. बँकेने परत केलेल्या चेकसोबत येणाऱ्या मेमोचा. छापील कारणांची यादी, त्यातल्या एकापुढे पेनाने टिक केलेली. खाली बँकेने लावलेला खर्च. समासात सेल्समनने स्वतः लिहिलेली तारीख, पार्टी म्हणजे उधारीवर माल घेणारा दुकानदार नवा चेक कधीचा देणार याची. या तीन गोष्टी तुम्ही उधारीच्या नोंदीत भरायच्या. कागद वाकडा धरलेला, वर पंख्याची सावली, आणि टिक नेमकी दोन ओळींच्या मध्ये: वरची ‘खात्यात रक्कम अपुरी’, खालची ‘सही जुळत नाही’. काय लिहाल?

झाशीतल्या इलाइट चौराह्याजवळच्या औषधांच्या एजन्सीत बसणाऱ्या अंबिकाला त्या दिवशी हाच प्रश्न पडला. चेक होता लक्ष्मी गेटच्या जनार्दनकाकांच्या मेडिकलचा. झाशीत मराठी घरं मोजकी. गणपतीत काकांच्याच घरी आरतीला सगळे जमत. वर्षापूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आता दुकान मुलगा सलील बघायचा, पण चेकवर सही काकांचीच.

तिने सेल्समनला फोन लावला. “भैया, फोटो फिरसे भेजो ना, टिक कळत नाहीये.”

“मॅडम, लिफाफा घर पे छूट गया. सोमवार को ला दूँगा.”

नियम साधा होता. टिक वाचता येत नसेल तर कारणाच्या रकान्यात ‘पडताळणी बाकी’ लिहायचं आणि मूळ मेमोची वाट बघायची. पण महिनाअखेर होती. मॅनेजर विक्रम मागे येऊन उभे राहिले.

“अंबिका जी, एंट्री कीजिए, फोटोग्राफी का इनाम मत बाँटिए.”

“सर, हे दोन्ही असू शकतं. सही का भी हो सकता है.”

“अरे, सौ में नब्बे बॅलन्स वाले ही होते हैं. पेंडिंग एक भी नहीं चाहिए.”

अंबिकाने ‘रक्कम अपुरी’ निवडलं. बँकेचा खर्च, शंभर रुपये आणि वर जीएसटी, पार्टीच्या नावे टाकला. मेमोवरची छापील तारीख परतीची, ती परतीच्या रकान्यात घातली. समासातली नव्या चेकच्या रकान्यात. दोन्ही तारखा तिने दोनदा ताडून पाहिल्या. तारखांच्या बाबतीत ती फार काटेकोर होती.

पण ‘रक्कम अपुरी’ म्हटलं की त्या पार्टीचा माल आपोआप थांबे आणि नवा चेक चालत नसे, रोखच लागे. सलील ठरल्या तारखेचा चेक घेऊन काउंटरवर आला आणि तसाच परत गेला.

“खात्यात पैसे आहेत, पासबुक दाखवू का?” तो आधी मराठीत बोलला, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. काउंटरवरचा माणूस हसला. “पासबुक तो सबके पास है, भैया.”

त्या हसण्याला साक्षीदार पुष्कळ होते, माल घ्यायला आलेले दुकानदार आणि इतर एजन्सींची माणसंही. संध्याकाळपर्यंत बाकीच्या एजन्सींनीही सलीलकडे रोख मागायला सुरुवात केली.

सोमवारी लिफाफा आला. आत काकांचा चेक आणि मूळ मेमो. टिक स्वच्छ खालच्या ओळीपुढे. चेकवरची सही उतरणीला लागल्यासारखी खाली घसरलेली. अंबिका तो कागद घेऊन विक्रमकडे गेली.

“तो ठीक कर दीजिए. बात ख़त्म.”

“आणि बाजारात जे पसरलंय ते? आपण बाकीच्या एजन्सींना फोन करून सांगू या ना.”

“हम माफ़ीनामा छापते हैं क्या?”

तिने कारण बदललं. माल पुन्हा चालू झाला, पण बाकीच्या एजन्सींनी उधारी पुन्हा सुरू केली नाही. रोखीवर छोटं मेडिकल किती दिवस चालणार? मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला येणारी गिऱ्हाइकं दोनदा रिकाम्या हाताने परतली की तिसऱ्यांदा येत नाहीत. दिवाळीआधी सलीलने दुकान दुसऱ्याला दिलं आणि नगरा भागातल्या एका नर्सिंग होमच्या औषध-काउंटरवर पगारी नोकरी धरली.

अंबिका काकांना भेटायला गेली, सगळं सांगायचं ठरवून. काकांनी डाव्या हाताने खुर्ची पुढे सरकवली.

“बैस गं. एजन्सीत तुझं बरं चाललंय ना? नोंदी तूच करतेस म्हणे.”

“हो काका.”

“डोळ्यांची काळजी घे. बारीक अक्षरांचं काम आहे.” आणि आत हाक दिली, “अगं, हिला चहा टाक, साखर बेताची.”

तिने चहा घेतला. सांगायचं होतं ते न सांगताच कप आत नेऊन ठेवला. बाहेर पडली तेव्हा काका दारापर्यंत आले, नेहमीसारखेच हसून “येत जा” म्हणाले.

नोंद कोणी केली हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून ते इतके मायेने बोलले, की ठाऊक होतं म्हणून?