दाबली तरी चेपेना

डावा पाय दुधीभोपळ्यासारखा सुजला तरी मी दवाखान्याला तयार नव्हतो. बायको दवाखान्यात चालत गेली आणि परत आली ती मयताच्या गाडीतून. तेव्हापासून मी दिवसभर बाजेवर बसून असायचो. लेक ओरडायची, "आप्पा, उठा की जरा." कशाला उठायचं?

लेकीनं मालिशीला तेल गरम केलं. पण पोटरी अशी ठणकत होती की मी हात लावू दिला नाही. मग तिनं मला मैंदर्गीहून एसटीत घालून सोलापूरला आणलं. डॉक्टरनं पाय बघून सोनोग्राफीला धाडलं. मी लेकीला बजावलं, "ठेवून घेतलं तर पळून जाईन."

"ह्या पायानं?" लेक म्हणाली.

सोनोग्राफीवाली डॉक्टरीण पोरसवदा होती. तिनं जांघेत चिकट काहीतरी लावलं.

"लई गार हाय वो!"

"आजोबा, हलू नका."

पडद्यावर दोन काळे गोल दिसले. तिनं मशीन दाबलं की एक मिटायचा, दुसरा तसाच उडत राहायचा. ती म्हणाली, "उडते ती धमनी. मिटते ती रक्त परत नेणारी शीर. ती चांगली असली की दाबल्यावर चपटी होते."

ती मांडीभर दाबत खाली आली, शीर मिटत गेली. गुडघ्यामागं मात्र मिटेना. तिनं पुन्हा दाबलं. गोल तो गोलच.

"आत गाठ हाय," मीच म्हणालो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शेळीच्या सडात दूध गोठलं की असंच, चेपत न्हाय. आमची मालकीण बोट लावून सांगायची. मग चोळून चोळून गाठ काढायची."

"इथं चोळायचं नाही हं! रक्ताची गाठ सुटली तर छातीत जाऊन अडकेल."

लेकीचं तोंड पडलं. तिला तेलाची वाटी आठवली असणार.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं परत आलो. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. त्यानं विचारलं, "दम लागतो? छातीत दुखतं?"

"न्हाय."

त्यानं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. मग म्हणाला, "गाठ गुडघ्यामागच्या मोठ्या शिरेत आहे, औषध लागणारच. रक्त पातळ करायच्या गोळ्या, तीन महिने तरी. एकही चुकवायची नाही. दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही. दम लागला, काळी शी झाली, कुठून रक्त आलं, तर लगेच यायचं."

"आन् ॲडमिट?"

"कशाला? घरी जा. आणि बसून राहू नका, चाला."

मी एवढ्या जोरात हसलो की बाहेरची माणसं डोकावली.

आता रोज बायकोच्या शेळ्या घेऊन हिंडतो. ती तोंडानं एक आवाज काढायची, त्यावर सगळ्या पळत यायच्या. मला तो जमत नाही. मी काढला की शेळ्या चरायच्या थांबतात आणि माझ्याकडं बघत राहतात. मी रोज काढतो.