भिंतीवरचा धृ

वसमतला माझं लग्नपत्रिका टाइप करायचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. जवळच्या खेड्यात आमची एक मावशी होती. सख्खी नव्हे, पण तिच्या आवाजाचं नातं सगळ्या तालुक्याशी होतं. ती देवळात गायला लागली की रस्त्यावरची एसटी आपोआप थांबायची आणि सिद्धेश्वरच्या धरणातले मासे तोंड उघडून वर यायचे. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा. गाणी तिनं स्वतः जुळवलेली, पण एकही कागदावर नाही. लिहिणं तिला येत नव्हतं. पुढं गळ्याचं दुखणं झालं, आवाज गेला, नुसती कुजबुज उरली.

एक दिवस ती दुकानात आली. "माझ्यासंगं माझं गाणं जाऊ नये बाबा," म्हणाली. देवळाच्या उत्सवात गावातल्या बायांनी एक तरी गाणं म्हणावं, एवढीच तिची इच्छा. बायांना पाठ होईना. मात्र साक्षरता वर्गात त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. म्हटलं, मग प्रोजेक्टरनं भिंतीवरच दाखवू.

मावशी कुजबुजायची, मी टाइप करायचो. एका स्लाइडवर एकच कडवं. गडद निळ्यावर पिवळी अक्षरं, एवढाली की देवळाबाहेरच्या म्हशीनंही वाचावीत. आधी ओळी इतक्या खेटून बसल्या की वरचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसले. अंतर वाढवून भांडण सोडवलं. प्रत्येक कडव्याखाली ध्रुवपद पुन्हा दिलं. आमचा फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की देवाचाही इंग्रजी चिवडा व्हायचा, म्हणून माझा कॉम्प्युटरच मोटरसायकलला बांधून नेला.

उत्सवाच्या दिवशी देवळात प्रोजेक्टर लागला. भजनाच्या पुस्तकात असतो तसा मी ध्रुवपदापुढं दोन दंडांत 'धृ' टाकला होता. बायांना शिकवलेलं, लिहिलेलं समदं वाचायचं. त्यांनी पहिल्या झटक्यात घेतलं, "देवा ये रे माझ्या दारी, धृ!" टाळ वाजले, मृदंगवाल्यानं धृवर जोरदार थाप दिली. कडव्यापुढचा आकडाही सोडला नाही. "एक!"

मावशीच्या गाण्याचा मीच विचका केला होता. गडबडीनं धृ पुसायला माउस धरला, तर मावशीनं मनगट धरलं.

"काहून पुसून राहिलास? म्हणून राहिल्यात ना त्या."

"मावशी, तो धृ गाण्यातला न्हाई."

"आता हाय."

मग मी गुमान एकेक कडवं पुढं सरकवत बसलो.

पुढं हळद शिजवायच्या दिवसांत मी तिच्याकडं गेलो. वावरात कढईभोवती बाया तेच गाणं म्हणत होत्या. भिंत नाही, प्रोजेक्टर नाही, सगळी कडवी तोंडपाठ. मावशी बांधावर डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, आता रडते. तिनं बोटानं जवळ बोलावलं.

"जा, सांग त्यांना. तिसरं कडवं सावकाश घ्या म्हणावं."