झाकणावर अप्पा

सगळ्यात आधी डायलाइन म्हणजे काय ते सांगते, कारण हे कुणाला माहीत नसतं आणि मला सांगायला भयंकर आवडतं. मिठाईचा डबा छापायच्या आधी तो पूर्ण उघडून सपाट केला तर कसा दिसेल, त्याची रेघारेघांची आकृती. लाल रेघ म्हणजे इथे कापायचं, हिरवी तुटक रेघ म्हणजे इथे घडी. या रेघांवरून प्लायवूडमध्ये पोलादी पात्या बसवून साचा करतात, तो डाय. कापायची पाती धारदार, घडीची बोथट. एकदा डाय झाला की रेघ हलवता येत नाही, म्हणून जे काय चुकायचं ते कॉम्प्युटरवर चुकून घ्यायचं. मी हेच करते, चेन्नईच्या अड्यार भागातल्या एका छोट्या पॅकेजिंग ऑफिसात. दिवसभर चुकते आणि पगार घेते.

हा डबा आमच्याच दुकानाचा होता. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि काकांचं मिठाईचं दुकान. अप्पा गेले त्याला तेव्हा काही महिने झाले होते आणि मी अजून रडले नव्हते. लोक विचारायचे, कशी आहेस? मी म्हणायचे, ठीक. ते खरंच होतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण दुसऱ्याचा, तसं.

काकांना डब्याच्या झाकणावर अप्पांचा फोटो हवा होता. इथे चेन्नईत तशी पद्धतच आहे. दुकान ज्यानं काढलं तो गेला की गोल चौकटीत, कपाळावर गंध लावून डब्यावर येतो. काका घरी आले, फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, बाकीच्यांचे आजोबा डब्यावर आहेत. आमचा अण्णा का नको?"

आई म्हणाली, "लावा भावजी. पण ह्यांच्या तोंडावरून काही जाता कामा नये."

काकांना वाटलं, ती घडीबद्दल बोलतेय. "घडी नाही येणार. ही आहे ना आपली इंजिनीअर."

मी इंजिनीअर नाही, पण असू दे. मला कळलं होतं आई कशाबद्दल बोलतेय. हॉस्पिटलात शेवटचे दिवस अप्पांच्या तोंडात नळी होती, आणि ती हलू नये म्हणून एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत पांढरी चिकटपट्टी, मिशीवरून. आई रोज काचेतून ती पट्टी बघायची. घरी त्याबद्दल एक शब्द नाही. हा पहिला.

मग मी बसले रेघा ओढायला. आमचा डबा चार कोपरे चिकटवलेला असतो. दुकानात तो चपटा येतो आणि काउंटरवर एका झटक्यात उभा राहतो. त्यासाठी कोपऱ्यातल्या गमच्या फ्लॅपवर तिरकी घडी द्यावी लागते आणि गम फक्त तिच्या एका बाजूला. सगळ्या फ्लॅपला गम लागला की डबा मिटतच नाही. शिवाय गमच्या जागेवर शाई नको, वार्निश तर अजिबात नको, नाहीतर कोपरा सुटतो आणि मैसूरपाक बसमध्ये सांडतो. म्हणजे कोपरे बाद. भिंती बाद, त्या बुटक्या, आणि डबा चपटा करताना दोन आत दुमडतात. तळाला कोण नवऱ्याचा फोटो लावेल? झाकणाच्या आत लावला तर तूप.

राहिलं झाकणच. काकांचं बरोबर होतं. झाकणावर एकही घडी नाही, कापणं नाही, गम नाही. मी फोटो मधोमध ठेवला आणि खूश झाले. थोडी. दोनेक मिनिटं.

मग आठवलं, दुकानात डब्याला रबर लावतात.

सगळी दुकानं लावतात. झाकण उघडू नये म्हणून एक आडवं, किलोचा डबा असेल तर एक उभंसुद्धा. बरोबर मिशीवरून गेलं असतं.

मग मी काय केलं सांगू? झाकणाला कुलूपच दिलं. झाकणाच्या पुढच्या पट्टीला एक जीभ काढली आणि समोरच्या भिंतीत तिच्यासाठी फट. जिभेचे खांदे फटीपेक्षा किंचित रुंद, म्हणजे आत गेली की अडकते, आपणहून बाहेर येत नाही. पहिल्यांदा फट फारच अरुंद झाली आणि जीभ फाटली. दुसऱ्यांदा इतकी सैल की झाकण जांभई देत बसलं. तिसऱ्यांदा टक्. तो आवाज मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. माझी बॉस म्हणाली, "मिठाईच्या डब्याला लॉकर केलास तू." कसं सांगू, मला इतका आनंद झाला होता, आणि तो आनंद कुठेतरी शेजारच्या खोलीत चालला होता.

छापायच्या आधी कोऱ्या पुठ्ठ्याचा नमुना कापून घेतात. पांढराशुभ्र, त्यावर काही नाही. तो घेऊन मी दुकानात गेले. काका होते, आईला मुद्दाम बोलावलं होतं. काउंटरवर आमचे मुरुगन... नाही, नावं लिहायची नाहीत असं ठरवलंय, आणि हे त्यांचं खरं नावही नाही. आमचे काउंटरवाले अन्ना, तमिळमध्ये दादा. ते माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे आहेत.

"भरा," काका म्हणाले.

अन्नांनी नमुना झटक्यात उभा केला, बटर पेपर घातला, लाडू रचले, झाकण लावलं. जीभ आत. टक्. मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, सरी, म्हणजे ठीक, छान आहे.

आणि अन्नांनी मनगटावरचं एक रबर काढलं आणि पट्कन डब्याला लावलं. मधोमध. बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

"अन्ना, रबर नको," मी तमिळमध्ये म्हटलं. "त्याला लॉक आहे."

"आहे की. चांगलं आहे लॉक."

"मग?"

"गिऱ्हाईक बाईकवर घेऊन जातो, मा. त्याला लॉक दिसत नाही, रबर दिसतं. नाही लावलं तर तोच मागतो."

काका हसले. "आपण बोर्ड लावू, रबर मागू नये."

"हो, आणि सुटे पैसे मागू नयेत त्याच्या शेजारी," अन्ना म्हणाले.

आई हसली नाही. ती त्या कोऱ्या झाकणावरच्या रबराकडे बघत होती. झाकणावर काहीच नव्हतं. तिनं हात पुढे केला, रबर काढलं आणि अन्नांना परत दिलं. अन्नांनी ते मनगटात घातलं.

"भावजी," ती म्हणाली, "फोटो नको."

"वहिनी, मी सांगतो ना सगळ्यांना. कुणी रबर लावणार नाही."

"तुम्ही सांगाल. ते ऐकतीलही. पण मी रोज बघायला येईन, कुणी लावतंय का. मला नाही ते बघायचं परत."

 'परत' ऐकून काकांना कळलं असावं, कारण ते एकदम आत गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

"मग झाकणावर काय टाकू?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचेना.

"काही नको. दुकानाचं नाव टाक पुढच्या भिंतीवर."

"तिथे फट आहे."

"मग फटीच्या खाली टाक."

मी ऑफिसला परत गेले. फोटोचा लेयर वेगळा असतो, रेघांचा वेगळा. फोटोचा उडवला. एक कळ दाबायची. रेघा होत्या तशाच राहिल्या. नाव फटीच्या खाली घेतलं, फाइल प्रेसला पाठवली.

थोड्या वेळानं प्रेसमधून फोन आला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, झाकण रिकामं आलंय. आर्ट लावायचं राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तसंच आहे ते."

"सगळं पांढरं?"

"सगळं पांढरं."

"सरी," ती म्हणाली, आणि डाय कधी मिळेल ते सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मग माझा जेवणाचा डबा उघडून दहीभात खाल्ला.