आईच्या चेहऱ्यातली परकी बाई

भवानी पेठेतल्या माझ्या स्टुडिओत एक मावशी केम गावाहून आल्या. पिशवीतून त्यांनी लग्नातला एक जुना, पिवळा पडलेला ग्रुप फोटो काढला. मागच्या रांगेत त्यांची आई होती. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा आणि तोही पुसट.

"एवढाच फोटू हाय दादा. आई आमची जल्मभर मेंढरांमागं हिंडली. तिचा मेंढरांसंगं मोठा फोटू करून द्या की."

हे काम आता एआयवर होतं. चेहऱ्याचा नमुना दिला की तोच चेहरा नव्या चित्रात उतरतो. पण नमुना स्वच्छ लागतो. मी फोटो स्कॅन केला, चेहरा कापून घेतला, डाग पुसले आणि चेहरा सुधारणारं सॉफ्टवेअर पूर्ण जोरावर चालवलं. क्षणात डोळे, पापण्या, ओठ लख्ख दिसायला लागले. तोच नमुना देऊन चित्र बनवलं. मी स्वतःवरच खूश झालो.

आठवड्यानं मावशी आल्या. मी स्क्रीनवर चित्र दाखवलं.

"लई झ्याक हाय. पन ही बाई कोन?"

मी ओशाळलो. जिथं मूळ फोटोत काही दिसतच नव्हतं, तिथं सॉफ्टवेअरनं आपल्या अंदाजानं कुणाचाही चेहरा भरला होता, आणि मी तो खरा धरून चाललो होतो. त्यांना जवळ बसवून विचारलं, "मावशी, आई कशी दिसायची, सांगा."

"डावी पापणी जरा पडल्याली. कपाळावर गोंदल्याला ठिपका."

मूळ स्कॅन उघडलं. ठिपका होता! डाग समजून मीच तो पुसला होता. पापणीही थोडी खाली होती, सॉफ्टवेअरनं ती सरळ केली होती.

"आईचा दुसरा एखादा फोटो?"

"मतदान कार्डावर हाय की, ते ध्येनातच न्हवतं. म्होरल्या खेपंला आनते."

पुढच्या खेपेला त्यांनी आणलेल्या कार्डावरचा फोटो काळपट होता, पण समोरून घेतलेला. या वेळी मी फक्त ओरखडे आणि पिवळेपणा काढला, सुधारणा अगदी कमी ठेवली, ठिपक्याला हात लावला नाही. प्रत्येक पायरीला मूळ फोटो शेजारी ठेवून ताडून पाहिलं. थोडा धूसरपणा राहिला, तो राहू दिला. दोन्ही चेहरे नमुना म्हणून दिले आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर जमलं.

मावशींनी स्क्रीनवरच्या पापणीवर बोट ठेवलं. "व्हय. हीच."

मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, पुन्हा चित्राकडं वाकून पाहिलं आणि एकदम हसायला लागल्या.

"आई आमचीच हाय दादा, पन मेंढरं कुनाची ही? पांढरीफेक! आमची काळी असत्यात की."

मीही हसलो आणि मेंढरं काळी करायला बसलो.